पहिल्या दिवाळीनंतरचे चार दिवस: गुहागर, नरसोबाची वाडी की माथेरान?

घरातलं माणूस गेल्यावर पहिली दिवाळी जवळ येऊ लागली की मुलांचे फोन सुरू होतात. "आईला या वर्षी घरात ठेवायला नको, कुठेतरी घेऊन जाऊ या." मग सगळ्यांच्या सुट्ट्या जुळतात म्हणून ऐन दिवाळीतलं बुकिंग होतं, आणि फोटोत निवांत दिसली म्हणून जागा ठरते. मी पुण्यातल्या ज्येष्ठ मंडळींना लहान सहली आखून देते. दुःखात असलेल्या माणसासाठी कुणी विचारायला आलं, तर जागेचं नाव घेण्याआधी मी विचारते, की त्यांची संध्याकाळ पूर्वी कशी जायची? नवरा-बायकोचा दिवसभराचा व्यवहार कितीही वेगळा असला तरी संध्याकाळ बहुतेक घरांत दोघांची असते. चहा, बातम्या, देवापुढे दिवा, मग ताटं. तीच रिकामी झालेली असते. नोव्हेंबरात सव्वासहाला अंधार पडतो आणि तिथपासून रात्री दहापर्यंतचे चार तास कुठे, कसे जातील यावर सहल बरी झाली की जड गेली हे ठरतं. म्हणून खालच्या तुलनेत मी देखाव्यांबद्दल फार बोलणार नाही.

समोर एक घर धरू या. कोथरूडच्या काकू, वय सदुसष्ट. काका जूनमध्ये गेले, त्याआधी दीड वर्ष अंथरुणावर होते. त्या दीड वर्षात काकूंची सलग झोप झालेली नाही, आणि आता झोपायला वेळ आहे तर पहाटे तीनला जाग येते. रक्तदाबाची गोळी चालू आहे, उजवा गुडघा कुरकुरतो. देवधर्म बेताचा, पण संध्याकाळी दिवा आणि रामरक्षा चुकत नाही. लेक पुण्यात, मुलगा बंगळुरूला. काकूंचं म्हणणं एवढंच, की "कुठेही न्या, पण माझ्याशी सारखं बोलू नका." घरच्यांच्या यादीत तीन नावं आहेत: गुहागरला घरगुती राहणं, नरसोबाची वाडी आणि माथेरान. मुलाच्या एका मित्राने चौथं सुचवलंय, इगतपुरीचा दहा दिवसांचा विपश्यना वर्ग. टूर कंपनीची ज्येष्ठांची सहल मी यादीतून आधीच काढून टाकली आहे. पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, बसमध्ये अंताक्षरी, प्रत्येक जेवणाला नवा शेजारी आणि त्याचा "तुमचे मिस्टर काय करतात?" हा प्रश्न. उत्साही माणसाला हे छान आहे, काकूंना नाही.

आधी तारखा

दिवाळीत कुठे जायचं याचं माझं उत्तर, कुठेही नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेच्या पुढच्या रविवारपर्यंत कोकणातले बीच, माथेरान, महाबळेश्वर सगळं भरलेलं असतं. दर चढलेले, रस्ते तुंबलेले, आणि जेवणाच्या टेबलावर चहूकडे जोडपी आणि कुटुंबं. त्यात पाडवा असतो. ज्या बाईने चाळीस वर्षं पाडव्याला नवऱ्याला ओवाळलं, तिला त्या संध्याकाळी हॉटेलात बसवायचं आणि शेजारच्या खोलीपुढे पणत्या लावून औक्षण चालू असायचं, हे टाळलेलं बरं. पाडवा आपल्या घरी किंवा भावाबहिणीकडे जाऊ द्यावा. तिथे रडू आलं तर रडता येतं.

तीन जागांच्या तारखांत फरक पडतो तो इथून पुढे. गुहागर आणि माथेरान यांचा शत्रू शनिवार-रविवार. शाळा सुरू झाल्या की सोमवार ते शुक्रवार दोन्ही गावं रिकामी होतात. नरसोबाच्या वाडीचं गणित पंचांगावर चालतं. दर गुरुवारी गर्दी, पौर्णिमा-अमावास्येला गर्दी, रविवारी गर्दी, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दत्तजयंतीला तर पाय ठेवायला जागा नसते. कार्तिकी एकादशीच्या सुमारास पंढरपूरच्या बाजूच्या गाड्यांनाही गर्दी असते. म्हणजे वाडीसाठी उरतात त्रिपुरी पौर्णिमा आणि दत्तजयंती यांच्या मधल्या आठवड्यांतले सोमवार, मंगळवार, बुधवार. अमावास्या तेवढी बघून घ्यायची.

आणखी दोन तारखा कॅलेंडरवर आधी मांडाव्यात. एक, महिन्याची तिथी. घरी मासिक श्राद्ध करत असतील तर सहल त्या दिवशी येऊ नये. ती इंग्रजी तारखेने मोजू नका, दर महिन्याला पुढेमागे होते. दोन, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो आणि कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू झालं असेल तर काकूंनाही द्यावा लागतो. तो देऊन मगच निघावं. डोक्यात बँकेचं काम घेऊन समुद्राकडे बघत बसलेली बाई निवांत नसते.

किती रात्री? मी चार सांगते. पहिली प्रवासाच्या शिणात जाते, दुसरीला परक्या अंथरुणावर झोप लागत नाही. तिसरी आणि चौथी या खऱ्या मिळालेल्या रात्री. दोन रात्रींच्या सहलीत माणूस फक्त प्रवास करून परततो. वाडीला मात्र चार रात्री बसवायच्या तर गुरुवार किंवा रविवार कुठेतरी आत येतोच, म्हणून तिथे तीन धराव्यात आणि रविवारी संध्याकाळी, गर्दी उतरायला लागल्यावर पोचावं.

पोचेपर्यंत काय काय विचारलं जातं

दुःखात माणसाची निर्णय घेण्याची ताकद आधी संपते. चहा की कॉफी, हा प्रश्नसुद्धा जड होतो. त्यामुळे कोणती जागा किती प्रश्न विचारते, हे मोजून बघण्यासारखं आहे.

माथेरानला मोटारी गावात जात नाहीत, हे त्या गावाचं मोठं सुख. हॉर्न नाही, धूर नाही. पण गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते आणि तिथे उतरताक्षणी घोडेवाले, हमाल, हॉटेलांचे एजंट भोवती गोळा होतात. घोड्यावर बसणार का, सामान कोण नेणार, किती देणार. तिथून अमन लॉज स्टेशनपर्यंत चालत जायचं आणि शटल गाडी पकडायची, नाहीतर बाजारापर्यंतचे अडीचेक किलोमीटर लाल मातीतून चालायचे. धडधाकट माणसाला ही चाल आवडते. काकूंच्या गुडघ्याला आणि मनाला पहिल्याच तासात ती वीस प्रश्न विचारते. एक उपाय आहे. हॉटेलला आदल्या दिवशी फोन करून त्यांचाच माणूस आणि हमाल नाक्यावर बोलावून घ्यायचा, पैसे हॉटेलच्या बिलात धरायला सांगायचे. असं केलं तर अर्धा त्रास वाचतो.

वाडीचा प्रवास तिन्हींत सोपा. पुण्याहून कोल्हापूरकडची गाडी, जयसिंगपूरला किंवा मिरजेला उतरायचं, तिथून रिक्षा नाहीतर टॅक्सी. स्टेशनापासून पुढे घाट नाही, वळणं नाहीत. गावात पुजाऱ्यांच्या घरी किंवा भक्तनिवासात उतरायची सोय असते. प्रश्न इथेही येतात, पण वेगळे: "अभिषेक लिहायचा का? काही विधी करायचा आहे का?" त्यावर "नाही, नुसतं दर्शन" एवढं एकदा सांगितलं की पुरतं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर इतर लोकांचे विधी चालू दिसतात, ते काहींना सोसत नाहीत. काकांच्या अस्थी अशाच एखाद्या संगमावर सोडल्या असतील, तर काकूंना आधी विचारा. त्यांनी नको म्हटलं तर वाडी तिथल्या तिथे बाद करा.

गुहागरचा रस्ता लांब. पुण्याहून साताऱ्यावरून उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे साधारण पंचेचाळीस किलोमीटर. थांबत थांबत सात-आठ तास जातात. घाटात मळमळतं, त्यामुळे निघताना पोटभर खाऊ घालू नका, आणि जेवण घाटाच्या अलीकडे पाटणच्या आसपास उरका. पण एकदा दारात पोचलं की गुहागर जवळजवळ काहीच विचारत नाही. गाडी अंगणात लागते, खोली दाखवतात, जेवायला काय आहे ते सांगतात. जेवण त्या दिवशी घरात जे शिजलं असेल तेच, आमटी-भात, एखादी उसळ, सोलकढी. मेन्यूकार्ड नसतं. दीड वर्ष दुसऱ्याचं पथ्य सांभाळलेल्या बाईला, आज काय करायचं हे आपण न ठरवता गरम ताट पुढे येणं ही खरी विश्रांती आहे.

घरगुती राहण्यात धोका एकच, तो म्हणजे घरमालकिणीची आपुलकी. कोकणातली बाई पाहुणीला "एकट्याच आलात? मिस्टर नाही आले?" असं अगदी मायेने विचारते आणि काकू जेवण टाकून खोलीत जातात. हे आधीच्या एका फोनने टळतं, आणि तो फोन लेकीनेच करावा. काय बोलायचं ते लिहून देते: "वहिनी, माझे बाबा जूनमध्ये गेले. आईला जरा शांतता हवी आहे. तिला काही विचारू नका, सांत्वनही करू नका. ती जेवली नाही तर आग्रह नको, झाकून ठेवा. काही लागलं तर मला सांगा." समोरची बाई हे ऐकून काय म्हणते त्यावर बुकिंग करायचं की नाही ते ठरवा. "बरं, कळलं. खोली मागच्या बाजूची देऊ का, तिकडे वर्दळ नसते" असं उत्तर आलं तर पैसे भरा. "अहो, आम्ही आहोत ना, त्यांना एकटं वाटूच देणार नाही, रोज फिरवू" असं आलं तर दुसरं घर बघा. ती बाई वाईट नाही, पण काकूंना तिच्यापासून सुटका मिळणार नाही.

त्याच फोनवर दोन गोष्टी आणखी विचाराव्यात: त्या दिवसांत दुसरा मोठा ग्रुप उतरणार आहे का, आणि खोलीतून समुद्रापर्यंत चालत जायला किती वेळ लागतो. "पाच मिनिटं" म्हणाले की वाट कशी आहे तेही विचारा. घरामागच्या बागेतली पायवाट आणि दगडी पायऱ्या रात्री बॅटरीशिवाय चालवत नाहीत.

सहा ते दहा

आता मुद्द्याची तुलना. माथेरानला संध्याकाळी बाजारात दिवे, चिक्की आणि चपलांची दुकानं, माणसांची ये-जा. हॉटेलांत जेवणासकट पॅकेज असतं आणि जेवणाआधी लॉनवर तंबोला, नाहीतर कराओके. ज्यांना झाडी हवी म्हणून आणलं, त्यांना खोलीचं दार लावून आवाज थांबण्याची वाट बघावी लागते. आठवड्यातल्या मधल्या दिवशी हे कमी असतं, पण नसतंच असं नाही. बाजारापासून दूर, जुन्या बंगल्यात चालणारं लहान हॉटेल घेतलं तर आवाज टळतो, पण मग सहानंतर बाहेर काळोख, वाटेला दिवे कमी आणि चालणं संपलेलं. माथेरानचा सगळा गुण सकाळी सात ते अकरामध्ये आहे. शार्लट तलावाकडची वाट, झाडांखालचा गारवा, दोन तास कुणी भेटत नाही. ज्या माणसाला दुःखात बसवत नाही, पाय चालू राहिले तरच डोकं थांबतं, त्याच्यासाठी ही सकाळ औषधासारखी आहे. विधुर झालेल्या, चालण्याची सवय असलेल्या गृहस्थांना मी आनंदाने माथेरान सुचवते. काकूंना नाही.

गुहागरला सूर्य समुद्रात बुडतो तोपर्यंत किनाऱ्यावर थोडी माणसं असतात. किनारा काही किलोमीटर लांब आणि सुरूच्या झाडांनी झाकलेला, त्यामुळे मधल्या गर्दीपासून दहा मिनिटं बाजूला चालत गेलं की जागा आपली. अंधार पडल्यावर मात्र गाव मिटतं. व्याडेश्वराच्या देवळात आरती होते, आठपर्यंत ताटं वाढली जातात, आणि नवाला घरमालकांचा दिवाही मालवतो. इथे दोन प्रकारची माणसं दोन टोकांना जातात. थकलेलं माणूस साडेनवाला झोपतं आणि कित्येक महिन्यांनी पाचपर्यंत झोपतं. अस्वस्थ माणसाला तीच शांतता अंगावर येते. लाटांचा आवाज रात्री मोठा होतो, आणि ज्याला तीनला जाग येते त्याच्यासमोर पहाटेपर्यंत काही नसतं. म्हणून खोली ओटीला किंवा पडवीला लागून घ्या, बाहेर खुर्ची आणि मंद दिवा रात्रभर ठेवायला सांगा. तीनला उठून कुणाला न उठवता बाहेर बसता यावं.

वाडीची संध्याकाळ तिन्हींत सगळ्यात भरलेली, आणि तरीही ती तुमच्याकडून काही मागत नाही. धूपारती होते, पालखी निघते, पदं म्हटली जातात, मग शेजारती. पहाटे पुन्हा काकड आरती. म्हणजे तीनला जाग आलेल्या माणसाला फार वाट बघावी लागत नाही. अंघोळ करून देवळाकडे निघालं की तिथे आधीच माणसं असतात, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर बसून तासभर रडलेल्या बाईला तिथे कुणी "काय झालं?" विचारणार नाही, कारण तिथे पुष्कळ लोक काहीतरी घेऊनच आलेले असतात. दुपारी महाप्रसाद असतो. काय खायचं हेही ठरवायला नको.

एक बारीक गोष्ट, पण बायकांना ती लगेच कळेल. देवीच्या देवळात ओटीचं ताट, हळदीकुंकू, "घ्या ना ताई" हे येतंच, आणि नुकत्या विधवा झालेल्या बाईची तिथे घालमेल होते. वाडीच्या दत्ताच्या पादुकांपुढे तो प्रसंग सहसा येत नाही. गुहागरला दुर्गादेवीचं देऊळ सुंदर आहे, पण काकूंनी स्वतःहून काढल्याशिवाय तिथे नेऊ नका. आणि वर्षाच्या आत देवस्थानाला जावं की नाही याबद्दल घराघरांत वेगवेगळं मानतात. काकूंचं स्वतःचं मन काय म्हणतं तेवढंच बघा. थोरल्या जाऊबाईंचं मत मागायला गेलात तर सहल राहून जाईल.

इगतपुरीबद्दल

चौथा पर्याय थोडक्यात निकालात काढते, कारण तो वरवर सगळ्यात शांत वाटतो. धम्मगिरीचा वर्ग मी कमी लेखत नाही. पण तिथे जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत मौन असतं, पहाटे चारला घंटा होते, दिवसाला दहाएक तास ध्यानाला बसायचं असतं. फोन जमा, वाचन-लेखन बंद, घरच्यांशी संपर्क नाही. जप, पोथी, प्रार्थना हेही त्या दिवसांत बाजूला ठेवायचं असतं. म्हणजे काकूंची रामरक्षा बंद. शिवाय नव्या साधकांना संध्याकाळी फक्त चहा, फळं आणि थोडा फराळ. आधीच वजन उतरलेल्या आणि झोप मोडलेल्या बाईसाठी हे फार कठीण शिस्तीचं काम आहे. तो वर्ग वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, हे तिथेच सांगितलेलं असतं आणि अर्जात तब्येतीची माहितीही मागतात. काकू वर्षभराने, झोप सावरल्यावर, स्वतः म्हणाल्या तर जरूर जाऊ देत. पाचव्या महिन्यात, मुलाच्या मित्राने सुचवलं म्हणून नाही.

दवाखाना किती लांब

माणूस गेल्यानंतरच्या महिन्यांत मागे राहिलेल्याचं शरीरही डळमळीत असतं. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार आहे. त्याचं पहिलं वर्णन 1990 साली जपानमध्ये झालं, आणि तो पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो. लक्षणं हृदयविकाराच्या झटक्यासारखीच, छातीत दुखणं, दम लागणं. प्रवासात असं काही झालं तर "जेवण बाधलं, पित्त झालं" म्हणून सोडा पाजत बसू नका. ताबडतोब ईसीजी निघेल अशा ठिकाणी जा.

या कसोटीवर वाडी पुढे आहे. मिरज-सांगली वीसेक किलोमीटरवर, आणि मिरज तर दवाखान्यांचंच गाव. गुहागरहून मोठ्या उपचारांसाठी चिपळूणकडे यावं लागतं, तासाभराचा वळणांचा रस्ता. माथेरानला रुग्णवाहिका वर येऊ शकते, पण मोठ्या तपासणीसाठी घाट उतरून नेरळ-कर्जतकडे जावं लागतं. काकूंचा रक्तदाब गोळीने नीट राहत असेल तर गुहागर चालेल. गेल्या दोन महिन्यांत डॉक्टरांनी गोळी बदलली असेल किंवा चक्कर येत असेल, तर या वेळी वाडी. गोळ्या दोन जागी ठेवा, एक पट्टी काकूंच्या पर्समध्ये आणि एक लेकीजवळ.

कधी कोणतीच सहल ठरवू नये, हेही सांगते. जेवण जवळजवळ सुटलंय, अंघोळ-कपड्यांचं भान नाही, "मला आता कशाला जगायचंय, मीही जाते त्यांच्यामागे" असं पुन्हा पुन्हा येतंय, किंवा गोळ्या साठवून ठेवलेल्या सापडल्या, तर बुकिंग रद्द करा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. टेली मानस ही सरकारी सेवा 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

बरोबर कोण

तिन्ही जागांना एकच माणूस बरोबर असावं, आणि शक्यतो लेक किंवा पाठची बहीण. सहा-सात जण निघाले की त्यांची आपसांत सहल होते आणि काकू हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांना सांभाळत बसतात. लहान नातवंडं या खेपेला नकोत. त्यांचा काही दोष नाही, पण नातवंडांपुढे आजी रडत नाही.

बरोबरच्या माणसाचं काम अवघड आहे, कारण ते बरंचसं न करण्याचं आहे. "आई, चल ना समुद्रावर, छान वाटेल" हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हटलं की ती परीक्षाच होते. त्याऐवजी "मी जाऊन येते, वाटलं तर ये" म्हणावं आणि खरंच निघावं. हे गुहागरला जमतं, कारण काकू पडवीत सुरक्षित असतात. माथेरानला वाटा फुटतात, माकडं असतात, त्यामुळे एकटं सोडवत नाही. वाडीला घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर हात धरावा लागतो, पण वर मंडपात त्या एकट्या बसू शकतात.

काकूंचा फोन दिवसातले बहुतेक तास लेकीकडे असावा. भेटायला येऊ न शकलेल्यांचे फोन अजून येत असतात, आणि प्रत्येक वेळी शेवटचे दिवस पहिल्यापासून सांगावे लागतात. कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. सूर्यास्ताच्या एका फोटोवरून कुणी "सावरल्या म्हणायच्या" लिहितं, कुणी मनात "वर्षाच्या आत फिरायला?" म्हणतं, आणि दोन्ही काकूंपर्यंत पोचतं. शेजाऱ्यांना "चार दिवस बाहेरगावी जातोय" एवढं पुरे.

काका-काकू पूर्वी जिथे जोडीने गेले होते, ते गाव या वेळी वगळा. काकूंनी आपणहून मागितलं तर गोष्ट वेगळी. त्यांना तिथे आठवायला जायचं असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण "तुम्हाला आवडायचं ना ते" म्हणून आपण परस्पर ठरवू नये. काकूंच्या घरी तरुणपणी माथेरानला जाऊन आल्याचा फोटो भिंतीवर असेल, तर तेवढ्याने माथेरान बाजूला जातं.

माझा कौल

काकूंसाठी मी गुहागर घेईन. कारण त्यांचं दुःख लांब आजारपणाच्या शेवटी आलेलं आहे आणि त्यात थकवा फार आहे. त्यांना कुणीतरी केलेलं जेवण, लवकर अंधार आणि झोप हवी आहे. सोमवारी सकाळी निघायचं, शुक्रवारी परतायचं, रस्त्यात गर्दी सुरू व्हायच्या आत घर गाठायचं. मधल्या दिवसांचं वेळापत्रक कोरं. हेदवी, वेळणेश्वर जवळ आहेत, पण लेकीने ती नावं काढायची नाहीत. काकूंनी तिसऱ्या दिवशी विचारलं तर गाडी आहेच.

हाच मृत्यू अचानक झालेला असता, सकाळी चहा घेऊन गेलेला माणूस दुपारी नाही, तर मी वाडी घेतली असती. तसा धक्का बसलेल्या माणसाला रिकामा दिवस सोसत नाही. त्याला दर तीन-चार तासांनी काहीतरी घडणारं, आपल्यावाचून चालू असणारं ठिकाण लागतं. देवावर राग धरलेला असेल तर अर्थात वाडी नको. तिथे माथेरानच्या वाटा बऱ्या, पायांत बळ असेल तर. गुहागर की वाडी हे नक्की कळत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. काकूंना घरी एका दुपारी दोन तास पूर्ण एकटं, शांत राहू द्या. त्या पडून राहिल्या किंवा झोपल्या तर गुहागर. कपाटं उघडून आवरत बसल्या, चारदा फोन केला, तर वाडी.

शेवटी परतीचं. चार दिवस बंद असलेलं घर उघडणं काकूंना जड जाणार आहे, कारण पूर्वी प्रवासातून आल्यावर कुलूप काकाच काढायचे. अंधारात पोचू नका, म्हणून गुहागरहून सकाळी सातला निघायचं. शेजारच्यांकडे किल्ली ठेवून आधी खिडक्या उघडून घ्या, दूध आणि रात्रीचा डबा सांगून ठेवा. लेकीने ती रात्र तिथेच राहावं आणि शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर निघावं. पुढच्या सहलीचा विषय महिनाभर काढू नये.